व्हिएतनामी शाळेत वर्गशिक्षिकेला रजेचा अर्ज : उद्या सकाळी द्यायचाय, जरा बघता का

सागर_सांगलीकर | रविवार 9 मार्च 2025, रात्री 8:50

मंडळी नमस्कार. मी हो ची मिन्ह सिटीत असतो, बायको इथलीच, मुलगी साध्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत आहे. शाळेचं सगळं आजवर बायकोच बघत आली, कारण मला बोलायला बऱ्यापैकी जमतं पण लिहिणं कधी केलंच नाही. आता ती माहेरी ह्युएला गेलीय, सासूबाईंचं ऑपरेशन आहे, आणि इकडे काल सकाळी मुलीच्या पाठीवर पुरळ दिसला. आज डॉक्टरकडे नेलं तर कांजिण्या. खपल्या धरेपर्यंत शाळा नाही म्हणाले.

मी बाईंना झालो ह्या इथल्या मेसेजच्या अॅपवर मेसेज टाकला की मुलीला बरं नाही, ह्या आठवड्यात येणार नाही. त्यांचं उत्तर आलं की एक-दोन दिवस असते तर मेसेज चालला असता, पण तीन दिवसांच्या वर रजा असेल तर कागदावर सहीचा अर्ज लागतो. बायको हॉस्पिटलात धावपळीत आहे, तिला ह्यासाठी फोन करायचा नाहीये. म्हणून मीच कच्चा अर्ज लिहिलाय. मजकूर मराठीत सांगतो :

"आदरणीय मॅडम, विषय : रजा मिळण्याबाबत. माझी मुलगी अन्वी हिला ताप असल्याने ती पहिल्या वारापासून पाचव्या वारापर्यंत शाळेत येऊ शकणार नाही. तरी तुम्ही रजा मंजूर करावी ही विनंती. आपला विश्वासू."

"तुम्ही" साठी शब्दकोशात "बान" सापडलं ते घातलंय. आपल्या शाळेतल्या अर्जाचाच साचा आहे, चालेल का? उद्या सात वाजता शाळा भरते.

प्रशांत_जिल्हा_सात | रात्री 9:05

सागर, मी इथे सहा वर्षं आहे. दोन गोष्टी लक्षात ठेव. एक म्हणजे सगळ्यात वर देशाचं नाव आणि त्याखाली तीन शब्दांचं ब्रीदवाक्य घालायचंच, तो कायदा आहे, नाहीतर अर्ज स्वीकारत नाहीत. आणि दुसरं, वर्षाला 45 दिवसांच्या वर गैरहजेरी झाली की मूल त्याच वर्गात बसतं, पण अर्ज दिलेली रजा त्यात धरत नाहीत. म्हणून अर्ज द्यायचाच, नाहीतर हे पाच दिवस त्या 45 मध्ये जातील.

नूतन_पिंपरी | रात्री 9:12

बाळाला लवकर बरं वाटू दे रे. कडुलिंबाचा पाला मिळतो का तिकडे? माझं ऐकशील तर अर्जात कांजिण्या अजिबात लिहू नकोस, नुसतं ताप लिही. माझ्या मुलाच्या वेळेस मी खरं लिहिलं तर वर्गातल्या पालकांनी ग्रुपवर इतकं बोलून घेतलं की विचारू नका, तो बरा होऊन गेला तरी महिनाभर त्याच्या शेजारी कोणी मुलाला बसू देत नव्हतं. आणि शाळेने परत फिटनेस सर्टिफिकेट मागितलं ते वेगळंच. आपला मराठी शाळेतला अर्ज हवा असेल तर माझ्याकडे मुलाच्या वहीत आहे, फोटो टाकू का?

सागर_सांगलीकर | रात्री 9:15

नूतनताई धन्यवाद, पण मराठी अर्ज नकोय, व्हिएतनामीतलाच हवाय. ताप लिहायचं मी त्याच भीतीने केलंय खरं तर.

मेधा_हनोई | रात्री 9:31

सागर, मी हनोईत नऊ वर्षं होते, भाषा शिकवायच्या केंद्रात कामाला, माझी दोन्ही मुलं तिथल्या सरकारी शाळेत चौथीपर्यंत शिकली. असे अर्ज मी ढिगाने लिहिलेत. तुझा साचा मोडायला लागेल, पण घाबरू नकोस, नवा साचा ह्यापेक्षा सोपाच आहे.

आधी "बान" काढून टाक. बान म्हणजे मित्र, बरोबरीचा. जाहिरातीत किंवा अॅपमध्ये वाचणाऱ्याला बान म्हणतात, पण मुलाच्या बाईंना तसं लिहिलं तर आपण बाईंना "ए मैत्रिणी" म्हटल्यासारखं वाटतं. तिथे बाई असतील तर "को" आणि सर असतील तर "थय", बस. "को" म्हणजे आत्या, आणि बाई पण. पालक स्वतः कितीही मोठा असला तरी शिक्षिकेला को च म्हणतो, कारण तो मुलाच्या जागेवर उभा राहून बोलतो. आपण घरात मुलासमोर नणंदेला "आत्या आली बघ" म्हणतो ना, तसंच. "तुम्ही" असा मोकळा शब्द त्या भाषेत नाहीच म्हटलं तरी चालेल, समोरचा नात्याने कोण लागतो तेच लिहायचं.

"आदरणीय" नको, "विषय" नको. सुरुवात होते "किन्ह गुई" ने, म्हणजे आदरपूर्वक पाठवतो, आणि पुढे कोणाला ते. वर शाळेचं व्यवस्थापन आणि खाली वर्गशिक्षिका, अमुक वर्ग. वर्गशिक्षिकेला "को चू ञिएम" म्हणतात. तीन-चार दिवसांच्या रजेला नुसतं वर्गशिक्षिकेचं नाव पुरतं, जास्त दिवस असले की बहुतेक शाळा मुख्याध्यापकांचं पण मागतात, तुझ्या शाळेचा नियम बाईंनाच विचार.

आणि मथळा लिहितोस तो "डन सिन फेप ङी हॉक" असा पूर्ण लिही. डन म्हणजे अर्ज, सिन फेप म्हणजे परवानगी मागणं, ङी हॉक म्हणजे शिकण्यातून सुटी. ह्यातला "फेप" गाळू नकोस, कारण "सिन ङी हॉक" एवढंच लिहिलं की शाळाच सोडायची आहे असाही अर्थ निघतो.

वार बघून मी जरा थबकले. तू पहिला वार ते पाचवा वार लिहिलंयस, म्हणजे सोमवार ते शुक्रवार म्हणायचंय ना? तिथे सोमवार हा दुसरा. "थू हाय", शब्दशः दुसरा. रविवारला आकडा नाही, त्याला "चू ञत" म्हणतात, तिथून पुढे सोमवार दोन, मंगळवार तीन, बुधवार चार, असं शनिवार सात पर्यंत. "थू ञत" म्हणजे पहिला असा वारच नाही, आणि घाईत वाचलं तर ते चू ञत वाटून बाई म्हणतील रविवारपासून कसली रजा. आणि पाचवा वार म्हणजे तर गुरुवार, म्हणजे शुक्रवारी तिची वाट बघतील. वार लिहायचाच असेल तर तारखेबरोबर लिही, नाहीतर तारीख पुरे.

लान_पुणे | रात्री 9:48

सागरदादा, मी लान. माझं माहेर कान थो, लग्न होऊन पुण्यात अकरा वर्षं झाली. माझं मराठी लिहिताना चुका होतात तर समजून घ्या.

मेधाताईंचं बहुतेक सगळं बरोबर आहे. पण "सिन ङी हॉक" लिहिलं म्हणून शाळा सोडतोय असं कोणी समजत नाही, खाली तारखा असतात ना. शाळा सोडायला आम्ही "थोइ हॉक" म्हणतो. फेप लिहिलेलं छान दिसतं, ते लिहा, पण घाबरू नका.

मी दुसरी चूक सांगते जी आमच्याकडचे लोक पण करतात. "ङी" ह्या शब्दावर जी खूण असते ती बघून लिहा. टिंब नसलेल्या छोट्या प्रश्नचिन्हासारखी खूण असेल तर सुटी, विश्रांती. लाटेसारखी खूण असेल तर विचार करणे. दक्षिणेत आम्ही दोन्ही एकसारखंच बोलतो, कानाला फरक कळत नाही, म्हणून लिहिताना लाट पडते आणि अर्ज होतो "शिकण्याचा विचार करायची परवानगी द्या". माझा भाऊ शाळेत असताना आईने असाच लिहिला होता, बाईंनी लाल पेनने खूण दुरुस्त करून परत पाठवला. आईला खूप वाईट वाटलं होतं, ती फार शिकलेली नाही. म्हणून मी आजही तो शब्द लिहिताना थांबून बघते.

सागर_सांगलीकर | रात्री 9:55

मी लाटच काढली होती. आत्ता बघितलं. बदलतो.

मेधाताई, लान वहिनी, मुलीचा उल्लेख कसा करू? आणि प्रशांत म्हणतो ते 45 दिवसांचं काय?

मेधा_हनोई | रात्री 10:10

मुलीसाठी "चाउ" लिही. चाउ म्हणजे नातवंड, पुतणी-भाची, आणि कोणाचंही लहान मूल. बाहेरच्या माणसासमोर आपल्या मुलाबद्दल बोलताना नम्रपणे चाउ म्हणतात. स्वतःसाठी कागदावर "तोइ". तोइ म्हणजे मी, कोरडा शब्द आहे पण अर्जात तोच शोभतो. झालोवर मात्र तोइ लिहू नको, तिथे ते तुटक वाटतं. तिथे बहुतेक पालक स्वतःला "एम" म्हणवतात, म्हणजे धाकटं भावंड, आणि वाक्याच्या शेवटी तो छोटा "आ" लावतात, आपल्या "जी" सारखा. म्हणजे एकच माणूस एकाच बाईंना कागदावर तोइ आणि फोनवर एम असतो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

45 चं : प्रशांत, नियम आहे पण तसा नाही. 2021 चं 22 नंबरचं परिपत्रक आहे शिक्षण मंत्रालयाचं, ते सहावी ते बारावीसाठी. त्यात वर्षाला 45 "बुओइ" च्या वर गैरहजेरी नको असं आहे, बुओइ म्हणजे सकाळचं किंवा दुपारचं सत्र, आणि मोजायचं दिवसाला एक सत्र धरून. आणि त्यात परवानगीची आणि बिनपरवानगीची दोन्ही धरतात, सलग असो की तुटक. अर्ज दिला म्हणून ती रजा वगळली जात नाही. प्राथमिकसाठी 2020 चं 27 नंबरचं वेगळं परिपत्रक आहे, तिसरीच्या मुलीला हा 45 चा हिशोब लागूच नाही.

प्रशांत_जिल्हा_सात | रात्री 10:16

असं होय. माझा मुलगा आठवीत आहे, मला वाटलं सगळ्यांना तेच. पण मग दोन्ही मोजतात तर अर्ज द्यायचा कशाला?

मेधा_हनोई | रात्री 10:24

हजेरीपटात दोन वेगळी अक्षरं पडतात. अर्ज असेल तर "पी", म्हणजे "कॉ फेप", परवानगीसह. नसेल तर "के", "खोंग फेप". के पडले की मोठ्या वर्गात वर्तणुकीच्या शेऱ्यावर परिणाम होतो, आणि बऱ्याच शाळांत वर्गावर्गांची आठवड्याची स्पर्धा असते त्यात पूर्ण वर्गाचे गुण कापतात. म्हणजे एका मुलाचा अर्ज राहिला तर बाईंच्या वर्गाला भोगावं लागतं, म्हणून त्या मागे लागतात. आणि तिसरीत काय, तर मूल घरून निघालं आणि शाळेत पोचलं नाही असं झालेलं नाही ना, हे बाईंना सकाळी सात वाजता कळायला हवं असतं. तुझा मेसेज त्यासाठी, कागद हजेरीपटासाठी.

वरच्या देशाच्या नावाबद्दल पण सांगते. "व्हिएतनाम समाजवादी प्रजासत्ताक" हे नाव मोठ्या अक्षरात आणि त्याखाली "डोक लाप, तू झो, हान फुक", म्हणजे स्वातंत्र्य, मुक्तता, सुख, मधे आडव्या रेघा आणि खाली एक लांब रेघ, हे घालतात. त्याची अक्षरं केवढी, रेघ किती लांब हे सगळं 2020 च्या 30 नंबरच्या सरकारी आदेशात आहे, पण तो आदेश कार्यालयांच्या कागदांसाठी आहे. पालकाच्या अर्जाला कोणी त्यावरून परत पाठवणार नाही. तरी घाल, कारण तिथे लहानपणापासून सगळे तसंच लिहितात, ते नसलेला कागद अर्ज वाटत नाही, चिठ्ठी वाटते.

लान_पुणे | रात्री 10:33

चाउ बद्दल माझं थोडं वेगळं आहे. कान थो किंवा सायगॉनला आम्ही बाईंशी बोलताना आपल्या मुलाला "कॉन" किंवा "बे" म्हणतो. बे म्हणजे बाळ. "बे अन्वी ला ताप आहे" असं. चाउ आमच्याकडे पण चालतं पण ते उत्तरेकडचं, पुस्तकातलं वाटतं. आणि काही पालक अर्जात "एम" लिहितात, कारण शाळेच्या कागदात विद्यार्थ्याला एम च म्हणतात.

मेधा_हनोई | रात्री 10:37

बे कागदावर नको ग लान, झालोवर ठीक आहे.

लान_पुणे | रात्री 10:41

कागदावर बे नाही, बरोबर. पण कॉन चालतं, माझ्या बहिणीच्या मुलाच्या शाळेने छापील नमुना दिलाय त्यात "कॉन तोइ" असंच आहे, माझं मूल. चाउ ला मी चूक म्हणत नाही. तुमच्या बायको काय लिहितात ते बघा ना दादा, जुना अर्ज घरात असेल.

सागर_सांगलीकर | रात्री 10:52

सापडला, मागच्या वर्षीचा, तिच्या फाइलमध्ये. तिने चाउ लिहिलंय. सासरे मूळचे उत्तरेकडचे, त्यामुळे असेल. मी तेच ठेवतो.

त्या अर्जात अजून एक बघितलं, मुलीचं नाव "त्रान मिन आन" लिहिलंय. घरी आम्ही अन्वी म्हणतो, मी कच्च्या अर्जात अन्वीच लिहिलं होतं!

मेधा_हनोई | रात्री 10:58

बरं झालं बघितलंस. जन्मदाखल्यावर आहे तसंच नाव, आडनाव आधी. हजेरीत शेवटचा शब्द हाकेचं नाव असतो, म्हणजे बाई तिला आन किंवा मिन आन म्हणत असणार. मिन आन इतकं लाडकं नाव आहे की एका वर्गात दोन-दोन असतात, म्हणून जन्मतारीख पण लिही आणि वर्ग पूर्ण लिही, तिसरी अ की ब. नुसतं तिसरी नको.

आता कारणाची ओळ, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नूतनताई, तुमच्या मुलाला जे सोसावं लागलं ते वाचून खरंच वाईट वाटलं, पण तरी इथे ताप लिहू नये असं माझं मत आहे. कांजिण्यांचा पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्याला देऊ शकतं. सागरच्या मुलीला पुरळ शनिवारी 8 ला दिसला, म्हणजे गुरुवारी आणि शुक्रवारी ती वर्गात बसली तेव्हाच ते पसरत असणार. आणि लागण झालेल्या मुलाला दिसायला दहा ते एकवीस दिवस लागतात. म्हणजे बाईंना जर 8 तारीख कळली तर त्या 16 पासून मार्च अखेरपर्यंत वर्गावर लक्ष ठेवू शकतात, आणि ज्या घरात कोणी गरोदर आहे किंवा ज्याला लस दिलेली नाही त्यांना आधी सांगू शकतात. नुसतं "ताप" लिहिलं तर हे काहीच होत नाही. म्हणून कारणात आजाराचं नाव आणि पुरळ कधी दिसला ती तारीख, दोन्ही लिही.

नूतन_पिंपरी | रात्री 11:06

हे गरोदर बाईंचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या वर्गात एक होत्या. बोलले असते लोक, बोलू देत. लिही रे सागर खरं. पण बाईंना सांग की नाव ग्रुपवर टाकू नका.

लान_पुणे | रात्री 11:10

हो, तसं सांगता येतं, झालोवर बाईंना एकट्याला लिहा. नूतनताई बरोबर बोलतात.

दादा, कांजिण्यांना घरी दक्षिणेत "त्राय रा" म्हणतात, पण अर्जात "थुई दाउ" लिहा, डॉक्टरच्या कागदावर तेच असेल. तिला ते निळं औषध लावलंय का? माझ्या आईने मला लावलं होतं, हात पाय सगळे निळे ठिपके. आणि वारा लागू द्यायचा नाही, पाणी लावायचं नाही असं आजी म्हणायची, इथे माझ्या सासूबाई पण तेच म्हणतात, मला तेव्हा खूप आपलं वाटलं. डॉक्टर मात्र अंघोळ घाला म्हणतात.

सागर_सांगलीकर | रात्री 11:14

हो निळंच आहे, उशीचा अभ्रा पण निळा झालाय. अंघोळ घाला असंच सांगितलंय, कोमट पाण्याने, घासायचं नाही.

मेधा_हनोई | रात्री 11:40

घे, पूर्ण मांडते. इथे त्या अक्षरांवरच्या खुणा नीट उमटत नाहीत म्हणून मराठीत देते, शब्द बायकोच्या जुन्या अर्जातून बघून उतरव, तिथे बहुतेक सगळे मिळतील.

मधोमध देशाचं नाव, खाली ब्रीद, खाली रेघ. मग उजवीकडे "थान्ह फो हो ची मिन्ह, दिवस 10 महिना 3 वर्ष 2025". तारीख अशीच दिवस-महिना-वर्ष शब्दांसकट लिहितात, नुसते आकडे नाही. मग मधोमध मथळा. मग :

"किन्ह गुई : को चू ञिएम, वर्ग तिसरी अमुक, अमुक प्राथमिक शाळा.

माझं नाव अमुक. मी त्रान मिन आन, जन्मतारीख अमुक, वर्ग तिसरी अमुक हिचा पालक.

आज मी हा अर्ज लिहून बाईंकडे चाउ ला 10 मार्च 2025 पासून 14 मार्च 2025 अखेर शाळेतून सुटी मिळावी अशी परवानगी मागतो.

कारण : चाउ ला कांजिण्या झाल्या आहेत, 8 मार्चला पुरळ दिसला, डॉक्टरांनी घरी वेगळं ठेवायला सांगितलं आहे. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे.

सुटीच्या काळात घरचे चाउ कडून धडे उतरवून घेतील आणि अभ्यास पूर्ण करून घेतील.

बाईंनी परवानगी द्यावी ही नम्र विनंती. मनापासून आभार."

खाली उजवीकडे "अर्ज करणारा", सही, आणि सहीखाली पूर्ण नाव सुटं लिहायचं. सही एकटी चालत नाही, नाव वाचता आलं पाहिजे. तुझं नाव शाळेच्या कागदांवर जसं आहे तसंच लिही. लाल पेन नको, निळं किंवा काळं.

ह्यात धडे उतरवून घेण्याची ओळ आपल्या अर्जात नसते. आपण विनंती करतो आणि थांबतो, तिथे पालक त्या बदल्यात एक वचन देतो. ती ओळ गाळू नको, बाई आधी ती शोधतात. मुलं सुटीत असताना वर्गातल्या मुलाची वही आणून उतरवायची पद्धत आहे, पण तुमच्याकडे आत्ता वही आणू-नेऊ नका, बाईंना किंवा एखाद्या पालकाला फोटो पाठवायला सांग.

प्रशांत_जिल्हा_सात | रात्री 11:47

सागर, मुलगी दुपारी शाळेत जेवते ना? मग जेवणाचं वेगळं सांग. आमच्याकडे ते सकाळी ठराविक वेळेच्या आत कळवलं तरच त्या दिवसाचं ताट कमी करतात आणि महिन्याच्या पैशात वळतं करतात, अर्ज बाईंकडे असतो आणि जेवणाचं काम बघणारे वेगळे. पाच दिवसांचं एकदम आज रात्रीच लिहून टाक मेसेजमध्ये.

आणि कागद शाळेत नेणार कसा, तिला एकटी सोडून? गेटवर रखवालदाराकडे देता येतो, पण मी आधी फोटो पाठवतो आणि मूळ कागद मागाहून देतो, आजवर कोणी अडवलं नाही.

सागर_सांगलीकर | सोमवार 10 मार्च, सकाळी 7:40

पहाटे उठून हाताने लिहिला, ओळींच्या कागदावर. तीनदा लिहिला, कारण दोनदा खुणा राहून गेल्या. फोटो पावणेसातला पाठवला, त्याबरोबर जेवणाचं आणि नाव ग्रुपवर न टाकायचं. स्वतःला एम म्हटलं आणि शेवटी आ लावला.

बाईंचं उत्तर लगेच आलं. अर्ज मिळाला, मिन आन ला पी लावते, मूळ कागद ती परत येईल तेव्हा आणा. आणि म्हणाल्या की वर्गात ह्याआधी दोन मुलांना झालंय, त्यातल्या एकाच्या घरून नुसता ताप कळवला होता, म्हणून त्यांना आजवर पत्ता नव्हता. आज त्या वर्ग पुसून घेणार आहेत.

नूतनताई, हे वाचून तुमची आठवण झाली. कोणी लपवलं असेल तर तेही अशाच भीतीने असेल.

नूतन_पिंपरी | सकाळी 8:02

नक्कीच. कशी आहे आता पोर?

सागर_सांगलीकर | सकाळी 8:10

ताप उतरलाय, खाज आहे. नखं कापली. नव्या पुळ्या अजून येतायत, आज पोटावर चार दिसल्या.

मेधा_हनोई | सकाळी 8:30

नव्या पुळ्या तीन-चार दिवस येत राहतात. म्हणजे शुक्रवारी सगळ्या सुकतीलच असं नाही. सगळ्यांवर खपली धरल्याशिवाय पाठवू नको, एक जरी ओली असली तरी थांब.

सागर_सांगलीकर | गुरुवार 13 मार्च, रात्री 9:20

मेधाताई म्हणाल्या तसंच झालं. हातावरच्या सुकल्या, पण पाठीवर आणि डोक्यात केसांच्या आत अजून तीन-चार ओल्या आहेत. सोमवारी 17 ला जाईल असं वाटत नाही. अर्जात 14 पर्यंतच लिहिलंय. आता परत सगळा अर्ज लिहू का, देशाच्या नावापासून?

प्रशांत_जिल्हा_सात | रात्री 9:34

माझ्या मते दुसरा अर्ज लागतोच, पहिल्यात तारीख संपली ना. आमच्या शाळेने मागितला होता.

लान_पुणे | रात्री 9:50

कान थो ला आम्ही दुसऱ्यांदा फक्त मेसेज करायचो, रजेचं कारण तेच असतं ना. पण मोठ्या शहरात वेगळं असू शकतं. मेसेजमध्येच विचारा ना, बाई सांगतील.

मेधा_हनोई | रात्री 10:05

माझ्या मुलीच्या वेळेस एका बाईंनी मागितला, पुढच्या वर्षीच्या बाईंनी नाही मागितला, शाळा तीच. विचारलेलं बरं. असं लिही : बाईंना नमस्कार, मी मिन आन चा बाबा. चाउ च्या पुळ्या अजून पूर्ण सुकल्या नाहीत, डॉक्टर अजून दोन-तीन दिवस थांबा म्हणतात. एम बाईंकडे 17 ते 19 मार्च अजून परवानगी मागतो. दुसरा अर्ज लिहून पाठवू का, की मूळ अर्जाबरोबर आणून दिला तर चालेल, आ?

दक्षिणेत बाबाला "बा" म्हणतात, माझ्या सवयीने "बो" लिहू नकोस.

सागर_सांगलीकर | रात्री 10:31

पाठवला, आणि लगेच उत्तर आलं. नवा अर्ज नको म्हणाल्या, त्याच कागदावर खाली एक ओळ वाढवा, नवी तारीख आणि परत सही, आणि 20 ला तिच्या दप्तरातून पाठवा. चारही दिवसांच्या गणिताच्या फळ्याचे फोटो पण पाठवलेत त्यांनी, मुलगी आत्ता उताणी पडून ते बघतेय आणि म्हणतेय भागाकार बाईंनी तिच्याशिवाय सुरू केला.

बायको परवा येतेय. चाउ की कॉन ते तिलाच विचारतो आणि इथे सांगतो.